रिलीव्हिंग लेटर अडकले, तर

नवी नोकरी पक्की झाली की ऑफर लेटरच्या मागोमाग कागदपत्रांची यादी येते. पदवीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर. यातले बाकी सगळे उमेदवाराच्या कपाटात किंवा मेलमध्ये असते. हे एक पत्र मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते, आणि तो दुसरा म्हणजे ज्याला सोडून हा माणूस निघाला आहे तोच मालक. नोटीस पिरियड पूर्ण झाला नाही, ट्रेनिंगचा बाँड आहे, लॅपटॉपचा चार्जर परत आला नाही, मॅनेजर दुखावला आहे, किंवा कंपनीच बंद पडली आहे. कारण कोणतेही असो, पत्र अडते. मग उमेदवार नव्या एचआरला मेल टाकतो की जरा सांभाळून घ्या. या मेलला बहुतेक वेळा थंड उत्तर येते, आणि त्याचे खापर एचआरच्या कोरडेपणावर फोडले जाते. माझ्या मते दोष मागणीच्या मांडणीत अधिक असतो. उमेदवार दया मागतो. मागायला हवा असतो दुसरा पुरावा स्वीकारण्याचा निर्णय.

हे पत्र मागताना नव्या कंपनीच्या मनात खरे तर तीन वेगळे प्रश्न असतात. हा माणूस सांगतो तिथे, सांगतो तितका काळ खरोखर कामाला होता का? आज तो मोकळा आहे, की दोन ठिकाणी एकाच वेळी पगार घेणार आहे? आणि तिथून बाहेर पडताना काही देणे किंवा भांडण मागे ठेवून आला आहे का? तिन्ही प्रश्न एका कागदाने मिटतात म्हणून एचआरला तो कागद प्रिय. पण यांतले पहिले दोन प्रश्न जुन्या मालकाच्या सहीशिवाय, आणि कित्येकदा त्या सहीपेक्षा भक्कम पुराव्याने सुटतात. तिसरा प्रश्न दोन पक्षांमधल्या हिशेबाचा आहे. त्याचे उत्तर जुन्या मालकाच्या एकट्याच्या शब्दावर सोडणे म्हणजे वादातल्या एका बाजूलाच पंच नेमणे.

या पत्राचे कायद्यातले स्थान फारच किरकोळ आहे. खासगी कंपनीने राजीनामा देणाऱ्याला रिलीव्हिंग लेटर दिलेच पाहिजे, किंवा ते असल्याशिवाय दुसऱ्या कंपनीने घेऊ नये, असे सांगणारा केंद्रीय कायदा नाही. कायद्यात सापडतो तो सेवेचा दाखला. कारखाने आणि मोठ्या आस्थापनांसाठी १९४६ च्या केंद्रीय नियमांत जे आदर्श स्थायी आदेश होते, त्यांनुसार कायम कामगाराला बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा निवृत्तीच्या वेळी असा दाखला मिळण्याचा हक्क होता. म्हणजे ज्याला काढून टाकले त्यालाही ‘अमुक काळ कामाला होता’ एवढे लिहून मिळायला हवे, मग मालक कितीही चिडलेला असो. ‘मोकळा केला’ असे लिहून देण्याची रीत सरकारी कचेरीत शोभते. तिथे राजीनामा मंजूर व्हावा लागतो, पदभार सोपवावा लागतो, सेवेचे सातत्य आणि निवृत्तिवेतन त्यावर अवलंबून असते. बदली झालेला शिक्षक कार्यमुक्तीच्या आदेशाची वाट पाहत बसतो तो उगीच नाही. खासगी कंपन्यांनी ही रीत उचलली, पण तिच्यामागची नियमावली उचलली नाही. त्यामुळे सरकारात ज्या कागदाला मुदत, अपील आणि वरिष्ठ असतात, तो खासगी क्षेत्रात केवळ अडवून धरण्याच्या कामाचा झाला.

मालकाची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. कराराने बांधलेला माणूस मध्येच निघून गेला तर काय, या प्रश्नाचा एक नामांकित खटला आपल्या कल्याणचाच आहे. सेंच्युरी कंपनीच्या तिथल्या कारखान्यात टायर कॉर्डच्या विभागात एका शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार होता. परदेशी कंपनीकडून मिळालेले तंत्र त्याला शिकवले होते. तो १९६४ मध्ये करार अर्धवट टाकून कोटा इथल्या स्पर्धक कारखान्यात गेला. कंपनी न्यायालयात गेली, आणि कराराच्या उरलेल्या मुदतीत त्याने तसेच काम दुसरीकडे करू नये हा मनाई हुकूम १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. अलीकडे, २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही त्याच न्यायालयाने वैध ठरवली. बाँड म्हणजे नुसता कागद, त्याला कोण विचारतो, असे सांगणाऱ्या मित्रांचा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

पण या दोन्ही प्रकरणांत निवाडा न्यायालयाने केला. करार काय होता, किती मुदतीचा, मालकाचे नुकसान काय, घातलेली अट वाजवी का, हे तपासून केला. भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलमही हेच सांगते की करारात आकडा लिहिला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. पत्र अडवणाऱ्या कंपनीला यांतले काहीच करावे लागत नाही. ती दावा लावत नाही, नुकसान दाखवत नाही, हिशेबही धड देत नाही. ती फक्त गप्प बसते, आणि वसुलीचे काम नव्या कंपनीचा एचआर विभाग आपसूक करून देतो. ही फुकटची वसुली बंद पडली तर जुन्या कंपनीचा कोणताही कायदेशीर हक्क बुडत नाही.

आता पहिल्या दोन प्रश्नांच्या पुराव्याकडे येऊ. सगळ्यात भरवशाचा पुरावा भविष्य निर्वाह निधीचा. युएएनच्या सेवा-इतिहासात कंपनीचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख असते, पासबुकात महिन्यागणिक भरणा दिसतो. हा भरणा कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, आणि तो नोकरी संपल्यावर मागाहून रंगवता येत नाही. दुसरा पुरावा प्राप्तिकराचा. फॉर्म २६एएसमध्ये पगारावर कापलेला कर कंपनीच्या नावानिशी आणि टॅननिशी येतो. तिसरा बँकेचा खातेउतारा, ज्यात पगार कुणी आणि कधी जमा केला ते असते. हे तीन एकमेकांशी जुळले की ‘इथे होता का’ या प्रश्नात शंकेला जागा उरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र कुठल्याही संगणकावर बनवता येते. पडताळणी करणाऱ्या एजन्सींना बनावट पत्रे नवीन नाहीत. निधीची नोंद तशी बनवता येत नाही.

‘आज मोकळा आहे का’ हा प्रश्न थोडा अवघड, आणि अडचण इथेच आहे. सेवा-इतिहासात नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरायची असते. जी कंपनी पत्र देत नाही ती ही तारीखही भरत नाही, असा अनुभव सर्रास येतो. मग नवी कंपनी युएएन तपासते तेव्हा जुनी नोकरी चालू असल्यासारखी दिसते. याला तोड आहे. आधारला जोडलेला मोबाइल असेल तर सदस्याला निधीच्या पोर्टलवर Manage खाली Mark Exit मध्ये जाऊन ही तारीख स्वतः नोंदवता येते, कंपनीच्या संमतीशिवाय. मात्र ही सोय शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावरच चालते, आणि तारीखही शेवटचा भरणा ज्या महिन्याचा त्याच महिन्यातली द्यावी लागते. म्हणजे रुजू होण्याच्या दिवशी हा पुरावा हातात असूच शकत नाही. सुमारे तीन महिन्यांनी असतो. ज्या वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला निधी लागूच नाही, तिच्या कर्मचाऱ्याकडे हा मार्गही नाही. २६एएसही तिमाही विवरणपत्रावर चालतो, जूनचा कर तिथे उमटायला ऑगस्ट उजाडतो. त्यामुळे उमेदवाराने ‘थोडा वेळ द्या’ असे मोघम न म्हणता नव्वद दिवस मागावेत आणि नव्वदच का, ते सांगावे.

एक नमुना घेऊन हिशेब मांडला म्हणजे वाद किती छोट्या रकमेवर अडतो ते दिसते. समजा, पुण्यातल्या एका मध्यम आयटी कंपनीत तीन वर्षे टेस्टर असलेल्या मुलीचा महिन्याचा एकूण पगार ६०,००० रुपये आहे आणि त्यातला मूळ पगार २४,०००. नोटीस ९० दिवसांची. तिने २ मे रोजी राजीनामा दिला, नव्या कंपनीला ती १ जुलैला हवी आहे. ३० जूनपर्यंत ६० दिवस भरतात, ३० कमी पडतात. नेमणूकपत्रात लिहिले आहे की नोटीस कमी पडल्यास तेवढ्या दिवसांचा मूळ पगार भरावा. कंपनी मात्र एकूण पगार, म्हणजे ६०,००० मागते आणि वर १८ टक्के जीएसटी लावून ७०,८०० चा आकडा कळवते. शिवाय रुजू होताना केलेल्या, दोन वर्षांच्या मुदतीच्या ट्रेनिंग बाँडचा एक लाखही मागते. हे मिळेपर्यंत पत्र नाही, आणि जूनचा पगारही रोखलेला.

यातला जीएसटी पहिल्या झटक्यात गळतो. नोटीस पिरियडच्या वसुलीवर हा कर लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे; तरी अंतिम हिशेबाच्या जुन्या एक्सेल तक्त्यात तो कुठेतरी चिकटून राहिलेला असू शकतो. बाँडची मुदत ती नोकरीत असतानाच संपली, तो प्रश्न मिटला. उरते मूळ पगार की एकूण पगार, आणि तिथे नेमणूकपत्राचे वाक्य तिच्या बाजूने आहे. तेव्हा तिचे देणे २४,०००. पण जूनचे ६०,००० कंपनीकडेच पडून आहेत. कर आणि निधीची कपात बाजूला ठेवून ढोबळ वजाबाकी केली तर कंपनीच तिला ३६,००० देणे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर पगाराची रक्कम दोन कामाच्या दिवसांत चुकती व्हायला हवी, हे तर वेगळेच. असा हिशेब अर्ध्या पानावर मांडलेला दिसला की ‘कंपनीचे पैसे बुडवून आलेली’ ही एचआरच्या मनातली प्रतिमा टिकत नाही.

नव्या कंपनीला जाणारा मेल प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, पण त्याचा गाभा मराठीत असा असावा: “माझा कामाचा शेवटचा दिवस ३० जून आहे. राजीनामा २ मे रोजी दिला आणि ४ मे रोजी मॅनेजरनी मेलवर तो स्वीकारला. तो मेल सोबत आहे. नोटिशीच्या उरलेल्या ३० दिवसांची भरपाई मूळ पगारावर धरायची की एकूण पगारावर, यावर मतभेद असल्याने रिलीव्हिंग लेटर देणार नाही असे कंपनीने १८ जूनला कळवले आहे. नेमणूकपत्रातले कलम आणि त्याप्रमाणे रक्कम वळती करून घ्यावी असा माझा मेलही जोडला आहे. पत्राऐवजी पगारपावत्या, खातेउतारा, निधीचे पासबुक आणि २६एएस स्वीकारून मला १ जुलैला रुजू होऊ द्यावे. निधीच्या पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख मी स्वतः सप्टेंबरमध्ये नोंदवू शकते. तोपर्यंत नव्वद दिवसांची मुदत द्यावी. जुन्या कंपनीचे माझ्याकडे काही रास्त देणे निघाल्यास ते माझे राहील, आणि यातले काही खोटे ठरल्यास नेमणूक रद्द करण्यास माझी हरकत नाही, असे मी लिहून देते.”

या मजकुरात जुन्या कंपनीविषयी एकही विशेषण नाही. एचआरला तक्रारीत रस नसतो, आणि आज जुन्या मालकाला नावे ठेवणारा उद्या आपल्यालाही ठेवील असे त्याच्या मनात येतेच. मेल कुणाला जातो हेही पाहावे लागते. ज्या रिक्रूटरशी रोजचे बोलणे असते त्याच्या हातात सूट देणे नसते. मोठ्या कंपनीत याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात, त्याची मंजुरी एचआर प्रमुखाकडून आणि ज्याच्या टीममध्ये जायचे त्या मॅनेजरकडून येते. तो मॅनेजर आपल्या रिकाम्या जागेपायी बरेचदा जास्त आग्रही असतो. रिक्रूटरला कळवून मॅनेजरला प्रत पाठवावी, आणि रुजू होण्याच्या सकाळी नव्हे तर दहा-बारा दिवस आधी. राजीनामा आणि त्याच्या स्वीकृतीचा मेल शेवटच्या दिवसाआधीच स्वतःच्या खात्यावर घेऊन ठेवायला हवा, कारण त्या संध्याकाळी कंपनीचा लॉगइन बंद होतो आणि सगळ्यात कामाचा कागद आत अडकतो.

नव्या कंपनीच्या बाजूने आक्षेप येतात, त्यांतला पहिला कायदेशीर धोक्याचा. दुसऱ्याच्या करारबद्ध माणसाला फोडले म्हणून आपल्यावर दावा होईल ही भीती निराधार नाही. पण ती खरी ठरायला नव्या कंपनीने जाणूनबुजून करार मोडायला लावलेला असावा लागतो. साठ दिवस नोटीस भरून, उरलेल्याची रक्कम द्यायला तयार असलेल्या माणसाच्या बाबतीत तसे म्हणणे कठीण. नेमणूकपत्रच पैसे देऊन सुटण्याची वाट ठेवत असेल तर करार मोडलाच नाही. मुदतीचा बाँड अजून चालू असेल आणि नवी कंपनी थेट स्पर्धक असेल, तर मात्र कल्याणचा खटला आठवावा आणि वकिलाला विचारूनच पुढे जावे. तिथे सूट मागणाऱ्यापेक्षा सूट देणाऱ्याने सावध राहणे योग्य.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. अशी सवलत देत गेलो तर नोटीस कुणी भरणार नाही, उद्या आपलीही माणसे अशीच जातील. यात तथ्य आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला जात नाही. कंपन्या एकमेकांच्या पत्रांचा मान राखतात तो बराचसा यासाठी, की आपल्या पत्राचाही मान राहावा. पण शिस्तीसाठी पत्रच हवे असे नाही. नोटिशीचे पैसे कापणे, बोनस परत घेणे, खरे नुकसान झाले तर दावा लावणे, ही सगळी साधने मालकाकडे आहेतच. शिवाय ज्या कंपनीची नोटीस नव्वद दिवसांची आहे तीच भरती करताना ‘तीस दिवसांत या’ म्हणते. जुन्याकडे नव्वद आणि नव्याकडे तीस या दोन अटींत उमेदवाराला अडकवून शिस्तीचा उपदेश करणे जरा जास्तच झाले.

वर्तनाचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. पत्र नाही म्हणजे काहीतरी गडबड असणार, असे धरले जाते. पण गैरवर्तन सापडल्यावर ‘राजीनामा देऊन शांतपणे जा’ असे सांगून मिटवलेल्या माणसालाही गुळगुळीत रिलीव्हिंग लेटर मिळते, आणि निव्वळ हिशेबावरून भांडलेल्याला मिळत नाही. जुन्या कंपनीला मेल करून विचारले तरी ती बहुधा हुद्दा आणि तारखा यांपलीकडे काही सांगत नाही. वर्तनाबद्दल खरोखर जाणून घ्यायचे असेल तर उमेदवाराने नावे दिलेल्या दोन माजी वरिष्ठांशी दहा मिनिटे बोलणे जास्त उपयोगाचे. राजीनामा न देता एक दिवस येणे बंद केलेल्याची गोष्ट निराळी. त्याच्याकडे स्वीकृतीचा मेल नसतो, शेवटचा दिवस वादात असतो, आणि जुनी कंपनी ‘फरार’ असा शेरा मारते. त्याने आधी उशिरा का होईना लेखी राजीनामा पाठवावा, देणे निघते ते द्यावे आणि मगच नव्या दारात उभे राहावे. हा प्रकार लपवण्यासाठी ती नोकरीच बायोडेटातून गाळणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण युएएन ती दाखवतेच, आणि मग प्रश्न पत्राचा न राहता खोटेपणाचा होतो.

ज्या आक्षेपापुढे माझा युक्तिवाद खरोखर थांबतो तो ग्राहकाचा. बँका, विमा कंपन्या आणि परदेशी वित्तसंस्था आपल्या आयटी पुरवठादाराशी करार करतानाच अट घालू शकतात की पडताळणी पूर्ण झालेला माणूसच आमच्या कामावर यावा, आणि कोणते कागद चालतील याची यादीही देऊ शकतात. त्या यादीत रिलीव्हिंग लेटर असेल तर एचआर प्रमुखालाही ती मोडता येत नाही. ऑडिटमध्ये फाइल उघडली की कंत्राट अडचणीत येते. अशा वेळी मागायचे ते वेगळे: पडताळणीचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या ग्राहकाच्या किंवा कंपनीच्या अंतर्गत कामावर घ्या, आणि तेही जमत नसेल तर जुन्या कंपनीशी लेखी तगादा, स्पीड पोस्टने नोटीस आणि कामगार आयुक्तांकडे तक्रार एवढे करण्यापुरती रुजू होण्याची तारीख पुढे ढकला. पर्यवेक्षक म्हणून काम करणाऱ्या, औद्योगिक संबंध संहितेत ठरवलेल्या १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराच्या माणसाला, आणि व्यवस्थापकाला तर पगार कितीही असो, कामगार म्हणून दाद मागता येत नाही. त्याला दिवाणी न्यायालयच उरते, आणि तिथला निकाल येईपर्यंत ही ऑफर काही थांबत नाही. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच एक प्रश्न मेलवर विचारून ठेवावा: रिलीव्हिंग लेटर वेळेत आले नाही तर तुम्ही त्याऐवजी काय स्वीकारता? मोठ्या भरतीच्या कंपन्यांकडे याचे ठरलेले उत्तर बहुधा असते, फक्त ते यादीत छापलेले नसते.